पंप बिघडला त्याचं माफीपत्र

माझे मामा घड्याळजी. डावा डोळा लहानपणापासून मंद, त्यामुळे सगळा संसार उजव्या डोळ्यावर उभा. गिऱ्हाइकाने घाई केली की म्हणायचे, यंत्राला दटावून चालत नाही. माणूस इतका सोशिक, की मला कधीकधी त्यांचा रागच येतो.

त्या उजव्या डोळ्यापुढे सोमवारी वरून सावली उतरू लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटत होता, पण नजरेचा मधला भाग अजून जागेवर होता. तो सुटायच्या आत ऑपरेशन हवं, म्हणून मंगळवारी सकाळचीच वेळ दिली. मामा टेबलावर आडवे झाले आणि यंत्र सुरुवातीच्या चाचणीतच अडकलं. डोळ्यातला चिकट द्रव ओढून घेणारा पंप ओढच घेईना. दुसरं यंत्र नव्हतं. कंपनीचा माणूस उद्या येणार होता.

बाईंपेक्षा मामाच निवांत. बंद पडलेल्या यंत्राचं त्यांना काय कौतुक! होईल दुरुस्त, थांबतो मी, असं त्यांनीच बाईंना समजावलं. उद्याचा परवा झाला. मामा उताणे पडून राहिले, मामी घास भरवत राहिली. गुरुवारी मधला भाग सुटला. शनिवारी नवा पंप बसला, ऑपरेशनही झालं, पडदा चिकटला. पण आता मामांना सरळ रेघ वाकडी दिसते आणि समोरच्याच्या तोंडाच्या जागी धूसर डाग.

महिन्याभराने बाईंचं पत्र आलं. मी वाचून दाखवलं. वाचताना मी भांडायच्या तयारीत होतो, पण पत्राने माझी हवाच काढून घेतली. कुठल्या दिवशी काय बिघडलं, कोणाला किती वाजता फोन केला, सगळं लिहिलं होतं. यापुढे यंत्र आदल्या संध्याकाळी तपासणार आहोत, हेही होतं. आणि मग हे:

"पंप बिघडला हा माझा दोष नाही. पण मंगळवारीच तुम्हाला दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये पाठवायला हवं होतं. तुम्ही थांबतो म्हणालात, तरी थांबणं धोक्याचं आहे हे सांगणं माझं काम होतं. ते मी केलं नाही. मला माफ करा. गेलेली नजर पूर्ण परत येईल असं मी सांगू शकत नाही."

मामी पदराने डोळे पुसत म्हणाली, निदान कबूल तरी केलं बिचारीने. मलाही बाईंची कीव आली, आणि ती कीव आल्याचाच संताप आला. ओरडायचं तरी कोणावर?

मामांनी पत्र मागून घेतलं, घडीवर घडी घालून हातात धरून ठेवलं.

"चांगली बाई आहे," ते म्हणाले. "चुकलं की मीही माफी मागतो रे. पण घड्याळ चालू करून हातात देताना."