बेशुद्ध न पडलेली आई

कॉलेजच्या लेखन कक्षातल्या मॅडमना मुलं पाठीमागे 'कात्री' म्हणत. इस्त्रीवालीची मुलगी शिष्यवृत्तीचा निबंध घेऊन त्यांच्याकडे गेली ती नाइलाजानंच. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिली. निबंध तपासून देणारं दुसरं होतं कोण?

कात्रीनं पहिला परिच्छेद वाचला आणि सबंध खोडला.

"'गरिबीच्या वणव्यात होरपळलेलं बालपण.' कुठे लागला होता वणवा?"

"मॅडम, असंच लिहितात."

"म्हणूनच समितीला कंटाळा येतो. बरं, आई बेशुद्ध पडली तेव्हा तू काय केलंस?"

ते मुलीनं निबंधात पदरचं घातलं होतं. आई कधी बेशुद्ध पडलीच नव्हती.

"मुलाखतीत विचारलं तर अशीच दातखीळ बसेल. अभ्यास कुठे करतेस?"

"लाँड्रीत. घड्या घालायच्या टेबलावर."

"मग ते कुठेय यात?"

"त्यात काय सांगायचंय? आमची गरिबी कमी पडते का तुम्हाला? तुम्हीच लिहा मग!"

"निबंध तुझा. मी खोडीन, विचारीन, लिहिणार नाही. जा आता."

पाय आपटत ती लाँड्रीत गेली. आई हॉटेलच्या चादरींवर इस्त्री फिरवत होती. ती तरी आपली बाजू घेईल म्हणून मुलीनं निबंध मोठ्यानं वाचून दाखवला.

आईनं इस्त्री उभी केली. "मी कधी पडले गं बेशुद्ध? एक खाडा नाही माझा! चारचौघांत मला भिकारीण करतेस?"

"अगं, पैसे मिळावेत म्हणून—"

"मग तुझं सांग. माझं मढं कशाला मिरवतेस?" आईनं चादरींचा गरम गठ्ठा तिच्या पुस्तकांवरच आपटला.

मुलीनं पुस्तकं ओढून काढली. दोघी बोलेनात. रागाच्या भरातच तिनं नवा कागद घेतला आणि रोजचंच लिहिलं. चादरी आल्या की टेबल सोडायचं, गणित मांडीवर सोडवायचं. वाफेनं वही फुगते, म्हणून सूत्रं शर्टाच्या घडीत घालायच्या पुठ्ठ्यांवर. बॉयलर अडला की मिस्त्रीच्या मागे उभं राहून प्रश्न विचारायचे, तो हाकलेपर्यंत. यंत्र अभियांत्रिकी घ्यायची ती त्यामुळेच. प्रवेशअर्जात 'पालकांचे शिक्षण' हा रकाना आला, तेव्हा आईनं विचारलं होतं, "कोरा ठेवला तर चालतो का?"

या नव्या निबंधातला कात्रीनं एकच शब्द खोडला: आईच्या आधीचा 'बिचारी'.

"एवढंच?" मुलीनं तुसडेपणानं विचारलं.

"आणखी हवंय?"

मुलाखतीत समितीनं बॉयलरबद्दलच खोदून विचारलं. ती न अडखळता बोलली. शिष्यवृत्ती मिळाली.

आईनं ऐकून घेतलं आणि पुढची चादर ओढली. अबोला काही सुटला नाही.

कात्रीला मुलीनं दारातूनच सांगितलं.

"दर वर्षी प्रगतीचा अहवाल द्यावा लागेल," कात्री म्हणाली.

"तुमच्याकडे नाही आणणार."

"नको आणूस. दार लावून घे."