मेंढ्यांच्या पुस्तकाचा प्रस्ताव

निजामाच्या अमदानीत मी राणीसावरगावला मास्तर होतो. तिथल्या एका म्हाताऱ्या धनगराकडून मेंढ्यांची सगळी माहिती मी वर्षभर उतरवून घेतली आणि तिचं पुस्तक करावं म्हणून पुण्याच्या एका प्रकाशकाला पत्र टाकलं. उत्तर सभ्य होतं. आधी प्रस्ताव पाठवा: पुस्तकाचा आराखडा, नमुन्याची दोन प्रकरणं, या विषयावर आधी निघालेली पुस्तकं आणि त्यांहून तुमचं वेगळं काय, शिवाय ते घेईल कोण.

प्रकरणं मी आठवडाभरात लिहिली. पुस्तकं शोधायला परभणीच्या वाचनालयात गेलो. दोनच सापडली. एक गाईबैलांच्या रोगांवरचं, दुसरं विलायती मेंढ्यांवरचं. आपल्याकडच्या मेंढीवर, चाऱ्यावर कुणीच लिहिलेलं नव्हतं. मला केवढा आनंद झाला! जागा रिकामी आहे, असं मी ठसठशीत लिहिलं.

राहिला गिऱ्हाइकाचा प्रश्न. सोनपेठच्या बाजारात मेंढरं घेऊन आलेल्यांना विचारत फिरलो. एक जण हसला, "मास्तर, वाचाया कुनाला येतंय? आन् मला ठाव हाय त्येच मला इकनार व्हय तुमी?"

शाळांचा आधार घ्यावा, तर शिकवणं उर्दूत. तरी पुस्तक शाळांसाठी घ्यावं असा अर्ज केला; तालीम खात्यातल्या, म्हणजे शिक्षण खात्यातल्या, कारकुनाने त्यावरचं पुस्तकाचं मराठी नाव पाहिलं आणि अर्ज न वाचताच परत दिला. शेवटी खरं तेच लिहिलं: ज्यांना उपयोग आहे त्यांना वाचता येत नाही, ज्यांना वाचता येतं त्यांच्याकडे मेंढ्या नाहीत. हे लिहू नये, हे कळत होतं. पण दुसरं लिहायला काही सापडेना.

दीड महिन्याने उत्तर आलं. प्रकरणं आवडली होती. ज्या पुस्तकाला वाचक नाही असं लेखकच म्हणतो, ते छापणं मात्र शक्य नव्हतं.

म्हाताऱ्याला सांगायला गेलो. तो मेंढीचे खूर तासत होता. "न्हाई म्हनले?" एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "काय लिवलं व्हतं, वाचा तरी."

मी कच्च्या खर्ड्यातून चाऱ्याचं प्रकरण वाचू लागलो. ज्वारी कापल्यावर मेंढ्या रानात खुशाल सोडाव्यात, इथवर आलो आणि त्याचा हात थांबला.

"आसं म्या कवा म्हनलो? कापल्यावर जो कवळा फुटवा येतो, त्यो खाल्ला की मेंढी फुगून पडती. लय मेल्यात माज्या."

"मी ऐकताना चुकलो असेन," मी म्हणालो.

"पुन्याला आसंच गेलं?"

"असंच."

मी पेन्सिलीने ती ओळ खोडली, तो सांगेल तशी दुसरी लिहिली. लिहिताना पुन्हा पुन्हा विचारत होतो, बरोबर ना, बरोबर ना. आणि तो प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे होकारार्थी मान हलवत होता.