पिवळ्या टोपीवरचा शिक्का

अकोल्याजवळच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी कामगारांच्या सुरक्षेचं काम पाहतो. एका रविवारी सकाळी आमच्या फिटरनं मोबाईलवर हेल्मेटचा फोटो पाठवला. बायकोला घेऊन तो मोटारसायकलनं अंजनगावला निघाला होता. खाली लिहिलं होतं, 'साहेब, हेल्मेटवर आयएसआय हाय. निंगू काय?'

पिवळा रंग आणि पुढची आखूड चोच पाहून मला शंका आली. मी आतला फोटो मागवला. आत थर्माकोलचा जाड थर नव्हता, नुसत्या पट्ट्यांची जाळी होती. शिक्का मोठा करून पाहिला. तो खरा होता, पण त्याच्या वरचा आकडा होता २९२५. म्हणजे कारखान्यातली टोपी. मोटारसायकलच्या हेल्मेटवर ४१५१ असतो.

मी लगेच फोन केला. "निघू नको. ही टोपी वरून पाना पडला तर डोकं वाचवते. गाडीवरून पडलास तर डोकं बाजूनं आपटेल, मागून आपटेल. तिथं हिचा काही उपयोग नाही. तुम्ही दोघं बसनं जा."

"बरं," तो म्हणाला. मग पुढं म्हणाला, "पण साहेब, आकड्याचं कधी सांगतलंच नाही तुमी. शिक्का पाहा, इतकंच सांगतलं होतं."

मला राग आला, पण तो कोणावर काढायचा ते कळेना. टोपी मीच त्याला दिली होती, आणि पाच वर्षं दर सोमवारी सगळ्यांना ओळीत उभं करून मी तेवढंच सांगत आलो होतो.