पेढे मंजूर

अपील जिंकल्यावर आयकर खात्याच्या कार्यालयात पेढे वाटायची आमच्याकडे रीत आहे. ज्यांच्याशी भांडलो त्यांचंच तोंड गोड करायचं. करसल्लागार म्हणून मी तीस वर्षं भंडाऱ्यात बसतो, पण या रीतीचा अर्थ मला अजून लागलेला नाही. काकूंना मी सांगून पाहिलं की थोडं थांबा. त्यांनी ऐकलं नाही.

काकू माझ्या जुन्या अशील, कोसा रेशमाच्या साड्यांच्या व्यापारी. नवरा गेल्यावर घरचे चार माग त्यांनीच चालू ठेवले. एका लग्नसराईत विक्रीची रोकड बँकेत भरली, तर साहेबांना ती अघोषित उत्पन्न वाटली. कोण बाई एवढ्या साड्या विकते, असा त्या आदेशाचा एकूण सूर. कराची मोठी मागणी निघाली. वसुली थांबावी म्हणून त्यातला पाचवा हिस्सा आधीच भरावा लागला. पुढे अपिलात सगळी बिलं मांडली आणि उत्पन्नात घातलेली ती पूर्ण भर वगळली गेली. म्हणजे मागणी शून्य, भरलेले पैसे व्याजासकट परत. कागदावर.

कारण अपिलाचा आदेश आपोआप लागू होत नाही. ज्या अधिकाऱ्याचा आदेश उडाला, त्याच्याच खुर्चीने नवा हिशेब करून त्याला ‘इफेक्ट’ द्यायचा असतो. कायद्यात त्याला तीन महिन्यांची मुदत आहे. मुदत पाळली नाही तर खात्याला जास्तीचं व्याज द्यावं लागतं, पण ते कुणाच्या पगारातून जात नाही, त्यामुळे मुदतीला कुणी भीक घालत नाही.

तिथल्या बाबूने काकूंचे पेढे खाल्ले, दोन घरी बांधून नेले आणि म्हणाला, आता काही काळजी नाही. त्यानंतर मी गेलो तेव्हा आदेश सिस्टीमवर दिसत नव्हता. मग दिसला, पण साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांकडे अतिरिक्त कार्यभार, ते नागपूरला बसतात. इकडे कधी येतील, याचं उत्तर पाऊस कधी येईल अशा सुरात मिळायचं. ऑनलाइन तक्रार केली, तर ती मात्र झटपट निकाली निघाली. तुमचं प्रकरण संबंधित अधिकाऱ्याकडे पाठवलं आहे, सबब तक्रार बंद. इतकी चपळाई मी त्या खात्यात फक्त तक्रार बंद करतानाच पाहिली आहे.

दरम्यान पोर्टलवर ती मेलेली मागणी जिवंतच. पुढच्या वर्षीचा काकूंचा परतावा तिच्यातच वळता करू, अशी नोटीस आली. मागणी मान्य नाही, हा घ्या अपिलाचा आदेश, असं मी कळवलं. तरी वळता केलाच.

पण खरा घाव बँकेने घातला. सुतासाठी काकूंची कर्जमर्यादा दरवर्षी नवी व्हायची. या वेळी मॅनेजरने पोर्टल उघडलं, थकीत मागणी पाहिली आणि फाइल बाजूला ठेवली. अपिलाचा आदेश दाखवला तर म्हणाला, मग इथे शून्य का दिसत नाही? त्याचंही चुकत नव्हतं, याचाच मला जास्त राग आला.

काकू त्या दिवशी माझ्यासमोर बसून शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, आपन जितलो ना? मंग ब्यांकेत मी हारलेली काहून?”

मला लाज वाटली, आणि ती खात्याला वाटायला हवी होती.

कोशाचं सूत रोखीने घ्यावं लागतं. पैसा नाही म्हणून ऐन लग्नसराईच्या तोंडावर दोन माग थांबले. एक विणकर साकोलीला पेट्रोल पंपावर लागला. ज्या बोटांतून काठावरचं नक्षीकाम उतरायचं, ती आता डिझेलची नळी धरतात. दुसरा घरीच बसला.

मी वरच्या अधिकाऱ्यांना लिहीत राहिलो. शेवटी लग्नसराई उलटून गेल्यावर एकदाचा इफेक्ट आला. मागणी शून्य. परतावा व्याजासकट काढलेला, पण तो वरिष्ठांच्या मंजुरीसाठी पाठवलेला. मंजुरी कधी? येईल.

आदेशाची प्रत आम्हाला ऑनलाइन मिळालीच होती. तरी परताव्याचं विचारायला काकूंना घेऊन कार्यालयात गेलो. बाबू आम्हाला पाहून खुलला. हे त्यानेच केलं, असा त्याचा चेहरा. काम झालं, आता पेढे पाहिजेत, म्हणाला.

काकूंनी पदर सावरला. दोन थांबलेले माग दिसत असावेत त्यांना, कारण आवाज अजिबात चढला नाही.

“पेढे मंजूर आहेत, बाबू,” त्या म्हणाल्या. “इफेक्ट द्याचा बाकी आहे.”

बाबू हसला. त्याला तो विनोद वाटला. आम्ही जिना उतरलो, आणि विणकराला परत बोलवायचं कोणत्या तोंडाने, हे काकू मला विचारत राहिल्या.