पल्लवीताईला सांगितलेलं गाव

आजही कापसाच्या जिनिंग कारखान्यावरून जाताना ओल्या सरकीचा वास आला, की मला दारव्ह्याच्या आमच्या दुकानातली ती सकाळ आठवते आणि पल्लवीताईचा हेवा वाटतो.

ही माझी चुलत बहीण दुसऱ्या एका कापूस व्यापाऱ्याकडे नोकरीला होती. तो कुठल्या गावात खरेदीला जाणार, हे ती बाबांना गुपचूप सांगायची. तिच्या बातम्या खऱ्या असायच्या, पण हल्ली उशिरा यायच्या, आणि आम्ही ठरवलेल्या गावात त्याचीच गाडी आधी पोचायची. म्हणून बातमी कोण फोडतं ते बघायला बाबांनी आदल्या दिवशी आमच्या खरेदीचं गाव दिवाणजींना नेर सांगितलं आणि फक्त तिला मारेगाव.

सकाळी नेरला त्या व्यापाऱ्याचं कोणीच नव्हतं. मारेगावहून मात्र ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला, की त्या व्यापाऱ्याची गाडी येऊन उभी आहे. तेवढ्यात ताईचाही आला. "काका, मारेगावले गाडी नका पाठवू. तिकडचा कापूस ओला हाय."

"बरं झालं सांगितलं बाई," म्हणत बाबांनी फोन ठेवला आणि हसले. "तिनंच इकलं मले. अन् आता माह्या डिझेलची काळजी करून राह्यली."

"मग तिला येऊ देऊ नका ना," मी म्हणाले.

"कायले? आता मी सांगीन तेच त्याले कळन."

त्या दिवसापासून ताई आली की बाबा चहा मागवायचे आणि एकेक शब्द तोलून तिच्याशी बोलायचे. मी शेजारीच बसलेली असायचे. माझ्याशी बोलताना त्यांना कधी इतका विचार करावा लागला नाही.