बाटली वाचल्याशिवाय

दवाखान्यातल्या थोरल्या नर्सबाईंना सगळे पाठीमागे ‘बाटलीबाई’ म्हणत. मुलाला तापाचं औषध किती द्यायचं असं कोणी विचारलं, की त्या आधी मुलाला काट्यावर बसवत आणि मग हात पुढे करत, "बाटली दाखवा." त्याशिवाय त्यांच्या तोंडून आकडा म्हणून निघत नसे.

एका दुपारी त्यांच्याच लेकीचा फोन आला.

"आई, बाळाला ताप आहे. वजन दहा किलो भरलं. मागच्यासारखं सव्वासहा मिलीच ना?"

"बाटली वाच."

"अगं, पॅरासिटामॉलच आहे! घरच्यांना तरी सोड."

"वाच म्हटलं ना!"

लेकीने धुसफुसत वाचलं, "पाच मिलीत अडीचशे मिलीग्रॅम."

"मागची बाटली एकशेवीसची होती. किलोला पंधरा म्हणजे बाळाला दीडशे मिलीग्रॅम. या बाटलीतून तीनच मिली दे, आणि सिरिंजने मोज."

लेकीने बाटलीवरचा आकडा पुन्हा वाचला.

"आई, सकाळी याच बाटलीतून सव्वासहा दिलंय."

नर्सबाईंनी कागदावर आकडा मांडला. दुपटीहून जास्त गेलं होतं.

"एकदाच?"

"एकदाच."

"आता काहीही देऊ नकोस. लगेच डॉक्टरांकडे घेऊन ये त्याला," त्या म्हणाल्या. "बाटलीसकट."