लोक खांब मोजतात

आयटीआय केलेला मी गावातला एकुलता एक वायरमन. त्यामुळे सोलर दिव्याचं काम निघालं तेव्हा ग्रामपंचायतीनं मला तज्ज्ञ करून टाकलं. आमच्याकडे तज्ज्ञ म्हणजे ज्याला विचारतात आणि ज्याचं ऐकत नाहीत तो.

दिवा हवा होता फाट्याजवळच्या बिनकठड्याच्या पुलावर. माझी बायको आणि चार बाया डोक्यावर सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन पहाटे पाचच्या एसटीनं कारंज्याच्या बाजाराला जातात. मी कागदावर मांडलं: वीस वॅटचा दिवा, बारा तास, म्हणजे रात्रीला दोनशे चाळीस वॅट-तास. आभाळ उघडलंच नाही तर तीन रात्रींचे सातशे वीस. बॅटरी पार कोरडी करायची नसते, म्हणून ती नऊशेची. आणि रिकामी झालेली बॅटरी लवकर भरायची तर पॅनल दीडशे वॅटचं.

सरपंचांनी कागद उलटासुलटा पाहिला.

"एवढ्यात तर तीन दिवे बसतेत ना बाप्पा! पन्नासचं पॅनल, तीनशेची बॅटरी. लोक खांब मोजतेत, ढग कोन मोजते?"

एक खांब पुलावर, एक त्यांच्या दारी, आणि तिसरा, तज्ज्ञाचा मान म्हणून, माझ्या दारी. मी सही केली. इतक्या स्वस्तात विकला गेलेला तज्ज्ञ जिल्ह्यात दुसरा नसेल.

उद्घाटन मे महिन्यात झालं. ऊन कडक, रात्र लहान; तिन्ही दिवे सकाळपर्यंत जळले. सरपंच मला म्हणाले, "पाह्य, तुह्या हिशेबाले काय झालं?" मीही हसलो.

श्रावणात पावसाची झड लागली, सूर्य दिसेना. दुसऱ्याच पहाटे पुलावर अंधार. बायको टोपल्यासकट खाली गेली, पाय मुरगळला, सांभार नाल्यात वाहून गेलं. घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "हिशेब येत होता ना तुमाले? मंग सही काहून केली?"

मला लाज वाटली. खरी वाटली. पाय शेकत ती म्हणाली, "आपल्या दारचा पयले उतरवा."

मी उतरवला. दोन्ही पॅनलं आणि दोन्ही बॅटऱ्या पुलाच्या खांबावर एकत्र जोडल्या. सूर्य नसला तरी आता दोन रात्री निघतात. तिसरीसाठी सरपंचांकडे त्यांच्या दारचा दिवा मागायला गेलो.

"खांब कमी दिसंल ना लोकायले," ते म्हणाले.

त्यांचा दिवा झडीत दुसऱ्या रात्री जेवणं व्हायच्या आत विझतो. तिसऱ्या पहाटे पुलावरचाही जातो. तेव्हा बाया एकमेकींचा हात धरून पूल ओलांडतात, आणि ढगाला शिव्या देत नाहीत. ज्याच्या दारी त्यांची तिसरी रात्र अडकली आहे, त्याचं नाव घेतात, मोठ्यानं, गाव जागं होईल एवढ्या मोठ्यानं.